चलान की गुन्हा? ‘हयगयीने आणि बेदरकारपणे’ वाहन चालवणे म्हणजे नेमके काय

अपघाताच्या बातमीत एक वाक्य नेहमी असते: ‘आपल्या ताब्यातील वाहन रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून अपघातास कारणीभूत झाला.’ ही पोलिसांच्या फिर्यादीची ठरलेली भाषा आहे. पण त्यातला प्रत्येक शब्द पुढे न्यायालयात सिद्ध करावा लागतो. नियम मोडणे आणि हयगयीने वाहन चालवणे यांत फरक पडतो तो इथेच.

एकच कृती, चार पायऱ्या

समजा, चिंचवडमध्ये एक टेम्पोचालक पुढचा वळसा टाळण्यासाठी सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने घुसला. रस्ता रिकामा होता, तो सावकाश गेला आणि कोणाला काही झाले नाही. हा मोटार वाहन कायद्याखालचा गुन्हा आहे. इथे सिद्ध करायचे ते एवढेच, की गाडी चुकीच्या दिशेने चालली होती. चालकाच्या मनात काय होते, त्याने काळजी घेतली होती का, हे फारसे कोणी विचारत नाही. हेल्मेट, सीटबेल्ट, नो पार्किंग यांचेही तसेच आहे. यातले बहुतेक गुन्हे दंड भरून मिटतात.

मात्र उलट्या दिशेने जाणे तितके किरकोळ राहिलेले नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून बोलणे, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे आणि उलट्या दिशेने जाणे ही ‘धोकादायक वाहन चालवण्या’ची उदाहरणे म्हणून लिहिली आहेत. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. या कलमातला फक्त मोबाइलचा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटवता येतो. बाकीचे, याच कलमाखाली नोंदवले तर, न्यायालयात जातात.

आता तोच टेम्पो संध्याकाळी कंपन्या सुटायच्या वेळी, दुचाकींच्या गर्दीत, उलट्या दिशेने जोरात गेला. कोणाला लागले नाही, पण दोघांना गाडी बाजूला घेऊन जीव वाचवावा लागला. इथे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू शकते. (१ जुलै २०२४पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचे कलम २७९ होते.) सार्वजनिक रस्त्यावर माणसाचा जीव धोक्यात येईल किंवा कोणाला इजा होण्याचा संभव असेल अशा हयगयीने वा बेदरकारपणे वाहन चालवणे हा यातला गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम चलानइतकीच वाटते, पण हा दखलपात्र फौजदारी गुन्हा आहे. एफआयआर होतो आणि खटला चालतो.

कोणी जखमी झाले तर कलम १२५ येते. गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाला तर कलम १०६(१) लागते. जुन्या ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षे होती, आता ती पाच वर्षे आहे. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे १०६(२) मात्र जानेवारी २०२४च्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर लागू केलेले नाही.

बेदरकारपणा आणि हयगय यांत फरक काय?

बेदरकारपणात चालकाला धोका दिसत असतो, पण ‘काही होणार नाही’ असे धरून तो पुढे जातो. वळणावर समोरचे दिसत नसताना कंटेनरला ओव्हरटेक करणे हे त्याचे उदाहरण. हयगयीत धोक्याकडे लक्षच नसते. मागे कोणी आहे का हे न पाहता ट्रक रिव्हर्स घेणे, किंवा साध्या समंजस चालकाने घेतली असती ती काळजी न घेणे, ही हयगय. गुन्ह्यासाठी दोन्हींपैकी एक पुरेसे आहे. पण क्षणभराची साधी चूक पुरत नाही.

‘भरधाव होता’ एवढे पुरते का?

नाही. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या १९९८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. २५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास नाला ओलांडताना एक ट्रक उलटला. १५ जण दगावले आणि १८च्या आसपास जखमी झाले. खालच्या दोन न्यायालयांनी चालकाला दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम ठेवली.

कारण साक्षीदार एवढेच म्हणाले, की ट्रक ‘खूप वेगात’ होता. वेगात म्हणजे किती, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या परिस्थितीत, हे कोणी सांगितले नाही. ट्रक उलटण्याआधी मोठा धक्का बसल्याचे पुराव्यात आले होते. तो खड्ड्यामुळे बसला की यांत्रिक बिघाडामुळे, याचा उलगडा झाला नाही. मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली होती, पण त्याचा अहवाल न्यायालयापुढे आला नाही आणि त्याची साक्षही झाली नाही. पंधरा माणसे गेली म्हणजे चालकाची हयगय असणारच, असा निष्कर्ष फौजदारी खटल्यात आपोआप काढता येत नाही, असे न्यायालय म्हणाले.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. वेगमर्यादेच्या चलानसाठी कॅमेऱ्यातला आकडा पुरतो. हयगयीच्या खटल्यात तो आकडा पुराव्याचा एक तुकडा असतो. साठचा वेग मोकळ्या महामार्गावर साधा असेल, शाळा सुटलेल्या गल्लीत तोच बेदरकार ठरेल. म्हणून घटनास्थळाचा पंचनामा, टायरच्या खुणा, रस्त्याची रुंदी, गर्दी, उजेड, सीसीटीव्ही आणि वाहन तपासणीचा अहवाल यांवर असा खटला उभा राहतो. जखमीच्या घरच्यांनी पाठपुरावा करायचा तो याच कागदांचा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, ते जपून ठेवायची लेखी विनंती लगेच करावी.

चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पुराव्याची पट्टी तेवढी कडक नसते.

हयगयीच्याही पुढे

१२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका कारने फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना चिरडले. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्य आढळले. सत्र न्यायालयाने ही हयगय मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र ३०४ भाग २, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावून तीन वर्षे दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन, वेगात, जिथे माणसे आहेत अशा ठिकाणी गाडी चालवली तर कोणी मरू शकते याची जाणीव चालकाला होती, असे न्यायालयाने धरले.

तेव्हा अपघाताची बातमी वाचताना चलान झाले, २८१ लागले की १०५ (आजचे सदोष मनुष्यवधाचे कलम), हे आधी पाहावे. चलानमध्ये प्रश्न असतो, नियम मोडला का. २८१ मध्ये, गाडी चालवायची रीत इतरांच्या जिवावर उठली होती का. आणि १०५ मध्ये, माणूस मरू शकतो हे चालकाला कळत होते का.