छायाचित्रावरून अक्षरचित्र

छायाचित्रातील उजेड-काळोख टंकाच्या अक्षरांनी आणि चिन्हांनी उभा करण्याची रीत. प्रत्येक चिन्ह आपल्या चौकटीचा कमी-अधिक भाग भरते. लांबून पाहिल्यावर डोळा चिन्ह आणि मोकळी जागा एकत्र करून त्याची एकच करडी छटा बनवतो, आणि सगळी करामत त्यावरच चालते. टंकलेखन यंत्रावर अशी चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघू लागली होती. संगणकावरचा गाजलेला आरंभीचा प्रयोग बेल प्रयोगशाळेतील केन नोल्टन आणि लिऑन हार्मन यांचा. 1966 साली त्यांनी एका नग्न स्त्रीच्या छायाचित्राचे रूपांतर बारीक चिन्हांच्या भल्यामोठ्या चित्रात केले. जवळून फक्त चिन्हे दिसत, मागे सरकले की आकृती दिसे.

प्रमाण. समरुंद टंकात (कूरियर वगैरे) सर्व अक्षरांची रुंदी सारखी असते, पण अक्षराची चौकट चौरस नसते. कूरियरमध्ये अक्षराची रुंदी टंकाच्या आकारमानाच्या 0.6 पट असते. ओळीची उंची 1.2 पट ठेवली, तर रुंदी-उंचीचे गुणोत्तर 0.5 येते. म्हणून 1200 × 900 बिंदूंचे छायाचित्र 80 अक्षरांच्या रुंदीत बसवायचे असेल, तर ओळी 60 नव्हे, 80 × (900 ÷ 1200) × 0.5 म्हणजे 30 लागतात. मग एका अक्षराच्या वाट्याला 15 बिंदू रुंद आणि 30 बिंदू उंच असा तुकडा येतो आणि त्याची सरासरी छटा घेतली जाते. हा गुणक विसरला की चेहरा दुप्पट लांबुडका होतो. 0.5 हा आकडा सर्वत्र लागू पडेल असे मात्र नाही, कारण ओळींतले अंतर प्रत्येक टर्मिनलमध्ये आणि संपादकात वेगळे असते. खात्री करायची तर वर्तुळाचे चित्र रूपांतरित करावे आणि पडद्यावर पट्टी धरून त्याची उंची-रुंदी मोजावी.

चिन्हश्रेणी. विरळ चिन्हापासून दाट चिन्हापर्यंत लावलेली ओळ म्हणजे श्रेणी. सर्वांत प्रचलित श्रेणी दहा चिन्हांची आहे, आणि तिची पहिली जागा कोरी आहे:

```
ramp = " .:-=+*#%@"
i = int(v * 10 // 256)
```

येथे `v` ही तुकड्याची 0 ते 255 मधली उजळता. रंगीत चित्रात ती लाल, हिरवा आणि निळा यांना 0.299, 0.587 आणि 0.114 असे वजन देऊन काढतात. काळ्या पडद्यावर दाट चिन्ह उजळ दिसते, पांढऱ्या कागदावर ते काळे दिसते. त्यामुळे छापण्यापूर्वी श्रेणी उलटी करावी लागते, नाहीतर चित्र निगेटिव्हसारखे येते.

सत्तरएक चिन्हांच्या लांब श्रेणीचा मोह बहुतेकांना पडतो. तो टाळलेला बरा. लांब श्रेणीत शेजारच्या चिन्हांच्या दाटपणात नाममात्र फरक असतो आणि टंक बदलला की त्यांचा क्रमही बदलतो. मग सपाट आकाशातही खरखरीत ठिपके उमटतात. भरवशाचा मार्ग म्हणजे मोजणी. जो टंक प्रत्यक्ष वापरायचा, त्यातच प्रत्येक चिन्ह मोठ्या आकारात उमटवून चौकटीचा किती भाग भरतो ते मोजावे आणि साधारण समान अंतरावरची दहा-बारा चिन्हेच ठेवावीत. तपासणीसाठी काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी साधी पट्टी रूपांतरित करावी. मध्येच छटा मागे फिरली, तर क्रम चुकला आहे. एकदम उडी मारली, तर मधले चिन्ह गळले आहे.

उठाव. ढगाळ दिवशी टिपलेल्या छायाचित्राच्या छटा समजा 60 ते 190 इतक्याच आहेत. वरच्या सूत्राने तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सहाच चिन्हे वापरली जातात आणि चित्र मळकट दिसते. म्हणून आधी छटा ताणून घ्याव्यात: `(v - 60) * 255 / 130`. गालाखालची 86 ही छटा आता 51 होते, तिचे चिन्ह `-` ऐवजी `.` होते आणि हनुवटी मानेपासून सुटी दिसू लागते. टोके ठरवताना सर्वांत काळा आणि सर्वांत उजळ बिंदू धरू नये, कारण चष्म्यावरची एक चकाकी सगळा हिशेब बिघडवते. दोन्ही बाजूंचे साधारण एक टक्का बिंदू सोडून द्यावेत आणि ताणल्यावर 0 च्या खाली किंवा 255 च्या वर गेलेल्या छटा त्या-त्या टोकावर आणाव्यात. अगदी दाट चिन्हातही चौकटीचा बराच भाग मोकळा राहतो. त्यामुळे मूळ छायाचित्राइतका उठाव अक्षरचित्रात कधीच येत नाही. 80 अक्षरांत एक चेहरा नीट ओळखू येतो, पण लग्नातल्या समूहचित्रातले चेहरे येत नाहीत. तिथे छटा ताणण्यापेक्षा चित्र कापून एकच चेहरा घेणे जास्त उपयोगी.

देवनागरी. मराठी अक्षरांनी हे काम अवघड जाते. शिरोरेषा शेजारच्या अक्षराला जोडली जाते आणि प्रत्येक ओळीत आडवी रेघ उमटते. शिवाय जोडाक्षरे आणि मात्रांमुळे एका अक्षराला एक चौकट हा नियम मोडतो, आणि स्तंभ सरकत गेले की चित्र तिरके होते. ठरवूनच करायचे असेल, तर मात्रा व जोडाक्षरे वगळून सुटी मुळाक्षरे घ्यावीत, प्रत्येकाची रुंदी त्या टंकात एकसारखी भरते का ते आधी पाहावे आणि शिरोरेषेच्या दाटपणाचा हिशेब मोजणीत धरावा. सर्वांत विरळ जागा दंड आणि पूर्णविराम यांनी भरता येतात.