एकास एक का नाही? हेजिंगच्या एका सूत्राची गोष्ट

विमानात जे इंधन भरतात ते म्हणजे जवळजवळ रॉकेलच. विमान कंपनीला ते रोज लागतं आणि त्याचा भाव रोज हलतो. पण पुढच्या महिन्याचा भाव आज बांधून घ्यायचा म्हटला, तर अमेरिकेच्या बाजारात जेट फ्युएलचे रुळलेले वायदेच नव्हते. होते ते हीटिंग ऑइलचे, घरं गरम ठेवायला जाळतात त्या तेलाचे. न्यूयॉर्क मर्कंटाइल एक्स्चेंजवर ते 1978 साली सुरू झाले. एक करार 42,000 गॅलनचा. ही दोन तेलं म्हणजे सख्खी नसली तरी चुलत भावंडं, म्हणून कंपन्या याचे वायदे घेऊन त्याची जोखीम झाकू लागल्या.

आता प्रश्न असा, की वायदे घ्यायचे किती?

जुना हिशेब सोपा होता: जेवढा माल, तेवढेच वायदे. 1953 मध्ये हॉलब्रुक वर्किंग या अर्थतज्ज्ञाने त्यातली खोच दाखवली. हजर भाव आणि वायद्याचा भाव यांच्यातलं अंतर, म्हणजे बेसिस, स्थिर नसतं. त्यामुळे हेजिंग करणारा जोखीम पुसत नाही; भावाची जोखीम देऊन बेसिसची जोखीम घेतो. 1960 मध्ये लेलँड जॉन्सनने पुढचं पाऊल टाकलं. एकूण जोखीम सर्वांत कमी कधी होते, हेच काढू या, असं त्याने ठरवलं. त्यातून आलेलं सूत्र असं:

h = ρ × σS / σF

σS म्हणजे हजर भाव महिन्याभरात साधारण किती हलतो, σF म्हणजे वायद्याचा भाव किती हलतो, आणि ρ म्हणजे दोघं किती एका तालात हलतात, तो सहसंबंध. लक्षात घ्या, तिन्ही आकडे भावांचे नाहीत, भावांतल्या बदलांचे आहेत.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिला महिन्याभराने 42 लाख गॅलन इंधन हवंय. जेट फ्युएल महिन्याला 10 सेंट हलतं, हीटिंग ऑइलचा वायदा 12 सेंट, आणि सहसंबंध 0.9. मग h = 0.9 × 10 / 12 = 0.75. एकास एक धरलं असतं तर 100 करार झाले असते. आता 75 पुरतात. वायदा जास्त उड्या मारतो आणि तालही शंभर टक्के जुळत नाही, म्हणून कमी घ्यायचे.

फायदा किती झाला? व्हेरियन्स म्हणजे चढउताराचा वर्ग. हेजिंगशिवाय तो 10 × 10 = 100. 100 करार घेतले तर 100 + 144 − 216 = 28. 75 घेतले तर 100 + 81 − 162 = 19. म्हणजे 81 टक्के व्हेरियन्स गेला. हीच हेजची परिणामकारकता, आणि ती थेट ρ² असते: 0.9 × 0.9. लुई एडरिंग्टनच्या 1979 च्या लेखानंतर हे माप रूढ झालं. भावबदलांचं रिग्रेशन केलं, तर रेषेचा उतार म्हणजे h आणि R² म्हणजे परिणामकारकता.

पण 81 टक्क्यांनी हुरळून जाऊ नका. उरलेल्या 19 चं वर्गमूळ 4.36 येतं. म्हणजे प्रत्यक्षातली चढउतार 10 सेंटवरून 4.36 सेंटवर आली. कपात 56 टक्केच. 42 लाख गॅलनवर अजून सुमारे 1 लाख 83 हजार डॉलरची जोखीम शिल्लक आहेच.

आता सहसंबंध 0.5 वर घसरला असं धरा. एकास एक हेजचा व्हेरियन्स 100 + 144 − 120 = 124. म्हणजे हेज न करण्यापेक्षाही वाईट! सूत्र अशा वेळी h जेमतेम 0.42 सांगतं आणि परिणामकारकता 25 टक्के.

ताल असा खरंच तुटतो का? 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ लुइझियानावर धडकलं, महिन्याभरात रीटा आलं. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या रिफायनऱ्या बंद पडल्या. ऑगस्टच्या तुलनेत ऑक्टोबरमध्ये कच्च्या तेलाचा सरासरी भाव उतरला, पण जेट फ्युएल महागलं. कारण टंचाई तेलाची नव्हती, ते गाळण्याची होती. ज्यांनी फक्त कच्च्या तेलाच्या वायद्यांवर भिस्त ठेवली होती, त्यांचं झाकण नेमकं गरजेच्या वेळी सरकलं.

सूत्र चुकलं नव्हतं. ρ, σS आणि σF हे तिन्ही आकडे मागच्या भावांतून येतात, आणि मागच्या भावांत वादळ असेलच असं नाही. म्हणून नुसता h काढून थांबू नका. गेल्या वर्षाचा ρ आणि गेल्या तीन महिन्यांचा ρ वेगवेगळा काढून शेजारी ठेवा. दोघांत मोठी तफावत दिसली, तर तुमच्या 0.75 वर विसंबण्याआधी तिचं कारण शोधा.