नकाराचा मेल : साचेबद्ध मजकूर की खरा अभिप्राय?

वनरक्षक किंवा पोलीस भरतीत नाव लागलं नाही, तर निदान गुणांची यादी पाहायला मिळते. आपण किती गुणांनी मागे राहिलो ते कळतं. चंद्रपूर-गडचिरोलीत संस्था किंवा खासगी कंपनीत मुलाखत दिली, की मात्र हाती येतो तो चार ओळींचा मेल.

त्यात आपलं नाव आणि पदाचं नाव असलं, की तो खास आपल्यासाठी लिहिलाय असं वाटतं. पण या दोन्ही जागा संगणक यादीतून आपोआप भरतो. 'तुमची पात्रता प्रभावी आहे, मात्र अधिक योग्य उमेदवाराची निवड झाली आहे' हे वाक्य शंभर जणांना पाठवलं तरी कुणाच्याच बाबतीत चुकीचं ठरत नाही. मेल खरा की साचेबद्ध, हे इथेच ओळखता येतं. नाव झाकून तोच मेल दुसऱ्या उमेदवाराला पाठवला तर चालेल का? चालत असेल, तर त्यात अभिप्राय नाही.

समजा, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांसाठी समन्वयक हवा आहे. मुलाखतीत तेंदूपानांबद्दल विचारलं गेलं. नंतर मेल आला : 'लिलावाची प्रक्रिया तुम्ही नीट सांगितली. पण पुडे किती, मजुरी किती वाटली आणि रॉयल्टी किती उरली, हा हिशेब ग्रामसभेपुढे कसा मांडाल, याचं उत्तर मिळालं नाही.' हा मेल त्या खोलीत बसलेल्या माणसानेच लिहिलेला असणार. त्यात प्रश्न आहे, उत्तर आहे आणि उत्तर नेमकं कुठे अडलं तेही आहे. पुढच्या मुलाखतीआधी एखाद्या ग्रामसभेचं हिशेबाचं रजिस्टर समजून घ्यायचं, एवढं काम त्यातून स्पष्ट होतं.

फसवतात ती मधली वाक्यं. 'अनुभव कमी पडला' हे नेमकं वाटतं, पण जाहिरात काढून बघावी. दोन वर्षांची अट होती, अर्जात एकच वर्ष लिहिलं होतं आणि तरीही बोलावलं, म्हणजे ही त्रुटी त्यांना आधीच माहीत होती. खरं कारण बहुधा दुसरंच असतं. 'तुमचा बायोडेटा आमच्याकडे राहील' यावर तर थांबूच नये.

मेल noreply पत्त्यावरून आला असेल, तर उत्तर देऊन उपयोग नाही. मुलाखतीचं बोलावणं ज्या पत्त्यावरून आलं, तिथे दोन-तीन दिवसांत लिहावं, आणि एकच प्रश्न विचारावा : 'हिशेबाच्या प्रश्नावर माझ्या उत्तरात काय कमी होतं?' 'माझं काय चुकलं?' या मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच येतं. अनेक ठिकाणी वाद नको म्हणून कारण न सांगण्याचाच नियम असतो. त्यामुळे उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारू नये.

आलेला अभिप्राय खरा असला, तरी तो एका पॅनेलचा असतो. तीच गोष्ट दुसऱ्या मुलाखतीतही ऐकू आली, तर ती गांभीर्याने घ्यावी.