महामार्गाखालची वाट: भुयारी मार्ग आणि सूचनाफलक वन्यप्राण्यांना कितपत वाचवतात?

जंगलातून जाणारा रस्ता रुंद झाला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्राण्यांपुढे दोनच पर्याय उरतात. एक, रस्ता ओलांडताना वाहनाखाली येण्याचा धोका पत्करणे आणि दुसरा, रस्ता ओलांडणेच सोडून देणे. पहिल्यात प्राणी मरतो. दुसऱ्यात पाणी, चारा आणि जोडीदार यांच्यापासून तो तुटतो. यावर उपाय म्हणून रस्त्याखालून प्राण्यांसाठी वाट ठेवली जाते आणि वाहनचालकांसाठी सूचनाफलक लावले जातात. प्रस्ताव मांडताना दोन्ही उपाय बहुधा एकाच दमात सांगितले जातात, पण त्यांची कार्यपद्धती निराळी आहे आणि अपयशाची कारणेही निराळी आहेत. नागपूरच्या उत्तरेस पेंच व्याघ्र प्रकल्पालगत झालेल्या कामामुळे हा फरक समजून घेणे सोपे होते.

पेंचमध्ये काय बांधले गेले?

राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूरहून मध्य प्रदेशातील सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलाला छेदून जातो. हे जंगल एकटे नाही. ते एका बाजूला कान्हाशी, तर दुसऱ्या बाजूला नवेगाव-नागझिऱ्याशी जोडलेले असून वाघांचे या प्रदेशांत येणे-जाणे असते. त्यामुळे चौपदरीकरणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि रस्त्यासोबत प्राण्यांसाठी वाटा बांधण्याची अट आली.

महाराष्ट्राच्या हद्दीत मनसर ते खवासा या टप्प्यातील सुमारे १६ किलोमीटरचा रस्ता वनक्षेत्रातून जातो. तेथे एकूण ९ ठिकाणी अशा वाटा ठेवण्यात आल्या. त्यांपैकी ५ खास प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग आहेत, तर ४ ओढ्या-नाल्यांवरचे छोटे पूल आहेत. ‘भुयारी मार्ग’ या शब्दाने डोळ्यांपुढे बोगदा उभा राहतो, पण येथे जमीन खोदलेली नाही. उलट रस्ताच खांबांवर उचलला आहे आणि त्याखालची मूळ जमीन प्राण्यांसाठी मोकळी राहिली आहे. रस्त्याच्या दिशेने मोजल्यास या मोकळ्या जागांची रुंदी किमान ५० मीटर आणि कमाल ७५० मीटर आहे.

प्राणी त्या वाटेने गेले का?

देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात या ९ ठिकाणी ७८ कॅमेरे लावले. समोरून उष्ण शरीर हलले की हे कॅमेरे आपोआप छायाचित्र टिपतात. दहा महिन्यांत १८ प्रजातींच्या वन्यप्राण्यांच्या ५,४५० नोंदी झाल्या. सर्वाधिक वावर चितळांचा होता. वाघांच्या ८९ नोंदी झाल्या आणि अंगावरचे पट्टे जुळवून पाहिल्यावर त्या ११ वाघांच्या असल्याचे आढळले.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, नोंद म्हणजे प्राणी नव्हे. एकच वाघ अनेकदा त्याच वाटेने जातो, म्हणूनच ११ वाघांच्या ८९ नोंदी होतात. मात्र नेमका हाच मुद्दा आशादायक आहे, कारण तोच प्राणी पुन्हा पुन्हा येतो याचा अर्थ ती वाट त्याच्या नित्याच्या फेरीचा भाग झाली आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे आकडे वापराचे आहेत. रस्त्यावरचे मृत्यू किती घटले, हे त्यावरून समजत नाही. शंभर चितळे पुलाखालून गेली, तरी एकशेएकावे वरूनच गेले असेल तर कॅमेऱ्यात ते दिसणार नाही.

मोकळेपणाचे गणित

हरणाच्या कुळातील प्राण्यांचा जीव दूरवर दिसण्यावर अवलंबून असतो. अंधाऱ्या, अरुंद जागेत शिकारी दबा धरून बसला असेल, ही भीती त्यांच्या स्वभावातच असते. म्हणून वाट किती मोकळी आहे, हे मोजण्याची एक सोपी रीत अभियंते वापरतात. वाटेची उंची आणि रुंदी यांचा गुणाकार करून त्याला प्राण्याला चालाव्या लागणाऱ्या अंतराने भागायचे.

समजा, चौपदरी रस्त्याखालून पलीकडे जाण्यास प्राण्याला ३० मीटर चालावे लागते. पुलाखालची जागा ५ मीटर उंच आणि ५० मीटर रुंद असेल, तर हे गुणोत्तर ८ च्या वर येते. त्याच रस्त्याखाली पाणी जाण्यासाठी २ मीटर उंच आणि २ मीटर रुंद चौकोनी मोरी असेल, तर ते जेमतेम ०.१३ भरते. साळिंदर, उदमांजर किंवा मुंगूस अशा मोरीतून निर्धास्त जाईल, पण सांबराला किंवा गव्याला ती वाट वाटणारच नाही. ‘मोऱ्या आहेतच, प्राणी त्यातून जातील’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा कोणते प्राणी, हा प्रश्न विचारायला हवा.

कुंपणाविना वाट अपुरी

रस्त्याखाली उत्तम वाट आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रस्ता मात्र उघडा आहे, अशा स्थितीत प्राणी वाट शोधत वळसा घालत नाही. तो समोरून सरळ रस्त्यावर चढतो. विविध देशांतील अभ्यास एकत्र तपासणारे एक संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार कुंपण आणि वाट दोन्ही असतील तेथे मोठ्या सस्तन प्राण्यांचे रस्त्यावरील मृत्यू ८३ टक्क्यांनी घटले. कुंपण नसलेल्या वाटांमुळे मृत्यूंच्या संख्येत जाणवण्याजोगा फरक पडल्याचे मात्र दिसले नाही. जीव वाचवण्याचे काम प्रामुख्याने कुंपण करते. दोन्ही बाजूंच्या जंगलांचा संबंध तुटू न देण्याचे काम वाट करते. पहिल्याविना दुसरे केले तर मृत्यू चालू राहतात. दुसऱ्याविना पहिले केले तर रस्त्याची भिंत होते.

कुंपणाची लांबीही निर्णायक ठरते. प्राणी कुंपणाच्या कडेने चालत जातो आणि ते जेथे संपते तेथे रस्त्यावर येतो. त्यामुळे आखूड कुंपण अपघात थांबवण्याऐवजी त्यांची जागा बदलते. अमेरिका व अन्य देशांतील अनुभवावरून ५ किलोमीटरपेक्षा कमी लांबीच्या कुंपणांचा परिणाम बराच कमी आणि बेभरवशाचा आढळला आहे. म्हणून कुंपण अर्ध्यावर न सोडता ते पूल, खडा उतार किंवा वस्ती अशा नैसर्गिक अडथळ्यापाशी संपवणे श्रेयस्कर मानले जाते. शिवाय जाळीला पडलेले एक भगदाडही घातक असते. त्यातून आत आलेला प्राणी बाहेर पडण्याची जागा न सापडल्याने रस्त्यावरच अडकतो.

सूचनाफलकाची मर्यादा

आता फलकाकडे वळू. फलक प्राण्याला काही सांगत नाही, तो चालकाला सांगतो. म्हणून चालकाने वेग कमी केला तरच त्याचा उपयोग. यामागचे गणित साधे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीसमोर प्राणी आला, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण सुमारे ७० मीटर. खाली झुकवलेल्या दिव्यांचा उपयुक्त उजेड मात्र साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतच पोहोचतो. प्राणी दिसतो तेव्हा टक्कर टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. हाच वेग ४० असेल, तर गाडी सुमारे २५ मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकला यापेक्षा बरेच जास्त अंतर लागते.

हरणाचे चित्र असलेला कायमचा फलक इथेच कमी पडतो. तो वर्षभर, चोवीस तास तेच सांगतो. रोज जाणाऱ्या चालकाला शंभर फेऱ्यांत एकदाही प्राणी दिसत नाही आणि मग फलक नजरेला दिसूनही मनाला दिसेनासा होतो. प्राणी रस्त्याजवळ आला तरच संवेदकांद्वारे दिवा लुकलुकणारी यंत्रणा याहून परिणामकारक ठरते. वर उल्लेखिलेल्या संशोधनात तिच्यामुळे मोठ्या प्राण्यांचे मृत्यू ५७ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले आहे. तथापि तिला अखंड वीज आणि सतत देखभाल लागते. वाढलेली झुडपे आणि मुसळधार पाऊस यांनी ती फसू शकते आणि खोटे इशारे वाढले की चालक तिच्याकडेही दुर्लक्ष करू लागतात.

साधा फलक उपयोगी पडतो तो वेग प्रत्यक्ष कमी करणाऱ्या गोष्टीची जोड मिळाल्यावर, म्हणजे गतिरोधक, वेगमोजणी कॅमेरा किंवा वेळेचे बंधन. कर्नाटकात बंडीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ७६६ वर रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारण वाहतूक बंद ठेवली जाते. रुग्णवाहिका आणि ठरावीक बसगाड्या यांना तेवढी सवलत आहे. प्राणी सर्वाधिक वावरतात त्या तासांत वाहनेच नसल्याने चालकाच्या सावधपणावर विसंबण्याची गरज उरत नाही. केरळकडे जाणाऱ्यांच्या गैरसोयीमुळे हा उपाय वादग्रस्त राहिला आहे, हेही खरे.

काम झाले की नाही, हे कसे ओळखावे?

वाट बांधून झाली की काम संपले, असे नसते. पुलाखाली गुरे बांधली, दुचाकींचा आडरस्ता झाला, कचरा पडला किंवा रात्रभर दिवे जळू लागले, तर बुजरे प्राणी ती जागा सोडतात. बांधकामाचा राडारोडा तसाच राहिला आणि तोंडाशी गवत-झुडपे उगवली नाहीत, तरीही तसेच घडते. म्हणून कॅमेऱ्यांबरोबर रस्त्यावरच्या मृत्यूंचीही ठरावीक टप्प्यात, ठरावीक दिवशी पायी मोजदाद करावी लागते आणि ती बांधकामाच्या आधीपासून सुरू असावी लागते. अन्यथा तुलनेला आधार राहत नाही. ही मोजदाद पहाटे होणे आवश्यक आहे, कारण बेडूक, साप यांसारख्या लहान प्राण्यांचे अवशेष कावळे आणि वाहनांची चाके काही तासांत नाहीसे करतात.

बेळगाव-पणजी राष्ट्रीय महामार्ग ७४८ अनमोड घाटातून उतरून मोले येथील भगवान महावीर अभयारण्याला छेदतो. पेंचचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. पेंचची जमीन बव्हंशी सपाट आणि पानगळीच्या जंगलाची आहे. येथे खडे उतार आणि अतिवृष्टी आहे. ओढ्यावरचा पूल प्राण्यांची वाट म्हणून दाखवला, पण पावसाळ्यात तो काठोकाठ भरून वाहत असेल, तर नेमक्या त्या चार महिन्यांत वाट बंद होते. अशा पुलाखाली प्रवाहाच्या बाजूला पुराच्या पातळीहून उंच, कोरडी पायवाट सोडावी लागते. बेडूक आणि सापांसाठी लहान मोऱ्या आणि त्यांकडे वळवणाऱ्या बुटक्या भिंती वेगळ्या लागतात.

त्यामुळे अशा कोणत्याही रस्त्याच्या आराखड्यात वाटांची संख्या पाहून थांबू नये. प्रत्येक वाटेची उंची, रुंदी व लांबी किती, कुंपण कोठे संपते, पावसाळ्यात जमीन कोरडी राहते का आणि पुढील काही वर्षे मृत्यूंची मोजदाद कोण करणार, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असली पाहिजेत.