'सोडा' की 'फोडा'? टेपमध्ये नेमकं काय ऐकू येतं

मोर्चाचा, दगडफेकीचा, लाठीमाराचा व्हिडिओ फोनवर येतो. खाली कोणीतरी पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : "ऐका, हा माणूस नेमकं काय म्हणतोय." आपण ऐकतो आणि खरंच तेच ऐकू येतं. इथेच जरा थांबायला हवं. का, ते सांगायला अमेरिकेतली एक टेप पुरेशी आहे. ती टेप निघाली त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण तिच्यातले शब्द अजून ठरलेले नाहीत.

४ मे १९७०. ओहायो राज्यातलं केंट स्टेट विद्यापीठ. अध्यक्ष निक्सन यांनी कंबोडियात सैन्य घुसवल्याचं चारच दिवसांपूर्वी जाहीर केलं होतं आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. बंदोबस्ताला नॅशनल गार्डचे जवान आले. दुपारी त्यांनी अचानक गोळीबार केला. १३ सेकंदांत साधारण ६७ गोळ्या सुटल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. तेव्हापासून सगळा वाद एकाच प्रश्नावर आहे. हुकूम कोणी दिला होता का? हुकूम असेल तर ती जबाबदारी अधिकाऱ्याची. नसेल तर घाबरलेल्या जवानांनी आपणहून बंदुका चालवल्या.

एका विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या खिडकीत मायक्रोफोन ठेवून टेपरेकॉर्डर चालू केला होता. त्या टेपवर सगळं आलं : घोषणा, आरडाओरडा आणि शेवटी गोळ्या. गोळ्यांच्या बाबतीत टेप कामाची ठरली. १९७४ साली ध्वनितज्ज्ञांनी तिच्यावरून आधीचे बार कुठून सुटले असावेत याचा अभ्यास केला. बंदुकीचा बार मोठा, छोटा आणि धारदार असतो, गलक्यातूनही तो वर येतो.

शब्दांचं मात्र तसं झालं नाही. २००७ मध्ये त्या गोळीबारात जखमी झालेल्या आणि पुढे आयुष्यभर या प्रश्नामागे लागलेल्या अॅलन कॅनफोरा यांनी येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातली टेपची प्रत ऐकली. त्यांना ऐकू आलं : "राइट हिअर, गेट सेट, पॉइंट, फायर." २०१० मध्ये क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' या दैनिकाने दोन नामांकित ध्वनितज्ज्ञांना तेच ध्वनिमुद्रण दिलं. त्यांनी आधुनिक साधनं लावून निष्कर्ष काढला : "ऑल राइट, प्रिपेअर टू फायर." पुन्हा २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने सांगितलं की एफबीआयच्या तपासणीत यातून काहीच ठोस निघत नाही. त्याच दोघांपैकी एका तज्ज्ञाला जे आधीचे पिस्तुलाचे बार वाटले होते, ते दार आपटल्याचे आवाजही असू शकतात, असं एफबीआयचं म्हणणं.

आता बघा, दोन्ही वाक्यांत 'राइट' आहे आणि 'फायर' आहे, मधला मजकूर वेगळा. म्हणजे लोक खोटं बोलत होते असं नाही. टेपमध्ये काही स्वर होते, बाकीची जागा ऐकणाऱ्याच्या कानाने भरली असावी.

हे असं का होतं? बोलण्यात स्वरांना जोर असतो, व्यंजनं दुबळी आणि क्षणभराची असतात. अर्थ मात्र बहुतेक व्यंजनांवर उभा असतो. आपलंच उदाहरण घ्या : "सोडा त्याला" आणि "फोडा त्याला". फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. 'स'चा सिसकारा बारीक, वरच्या पट्टीतला, 'फ' म्हणजे हलकी फुंकर. माणूस लांब असेल, मध्ये हॉर्न आणि ढोल असतील, तर दोन्ही बुडतात आणि माइकपर्यंत पोचतं ते फक्त "-ओडा त्याला". एका शब्दात माणूस वाचतो, दुसऱ्यात मार खातो, आणि टेपवर दोन्ही सारखेच.

मग गोंगाट काढून टाकता येत नाही का? पंख्याची किंवा जनरेटरची एकसुरी घरघर बरीच कमी करता येते, कारण ती बदलत नाही. पण गोंगाट म्हणजे दुसऱ्या माणसांचे आवाज असतील तर ते त्याच पट्टीत, त्याच लयीत असतात. एकाच माइकवर दहा आवाज आले की त्यांची बेरीज नोंदवली जाते. बेरीज १७ आहे एवढंच माहीत असताना मूळ आकडे कोणते, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही. आजची सॉफ्टवेअर हजारो तास बोलणं शिकून 'बहुधा हे आकडे असावेत' असा अंदाज करतात. दोन माणसं खोलीत शांतपणे बोलत असतील तर अंदाज छान जमतो. जमावात मात्र सॉफ्टवेअर स्वच्छ आवाज देतं, पण तो स्वच्छ शब्द त्या माणसाचाच आहे की सॉफ्टवेअरने भरलेला, हे कानाने कळत नाही.

याची चुणूक १९५३ सालीच मिळाली होती. कॉलिन चेरी या संशोधकाने एकाच माणसाच्या आवाजातले दोन उतारे एकावर एक ठेवून लोकांना ऐकवले. टेप पुन्हा पुन्हा ऐकून, खूप कष्टाने, लोकांनी ते वेगळे केले. मग त्याने दोन्हीकडे ठोकळेबाज वाक्यांची माळ ठेवली. लोकांना वाक्यं कळली, पण कुठलं वाक्य कुठल्या उताऱ्यातलं हे सांगता येईना. मोर्चातल्या घोषणा म्हणजे ठोकळेबाज वाक्यंच. घोषणा ऐकू आली तरी ती या माणसाची की मागच्याची, हा प्रश्न राहतोच.

व्हिडिओचा एक फायदा जरूर आहे. बोलणाऱ्याचं तोंड स्पष्ट दिसत असेल तर 'फोडा' म्हणताना ओठ जवळ येतात, 'सोडा'ला येत नाहीत. पण गर्दीत तोंड बहुधा पाठमोरं असतं किंवा हातभर फलकामागे.

आपल्या न्यायालयांना हे ठाऊक आहे. मुंबईतल्या निवडणूक सभांतली भाषणं पोलिसांनी टेप केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या बुखारी खटल्यात पुरावा म्हणून धरली. सभेतलं भाषण म्हणजे एक वक्ता आणि समोर माइक. १९८५ च्या राम सिंह खटल्यात न्यायालयाने अटीच घालून दिल्या. त्यातली एक अशी की बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायला हवा, इतर आवाजांत बुडालेला किंवा बिघडलेला नको.

तेव्हा पुढचा व्हिडिओ आला की खालची अक्षरं अंगठ्याने झाका. ज्याने ती वाचलेली नाहीत अशा दोन-तीन जणांना आधी ऐकवा आणि काय ऐकू आलं ते वेगवेगळं लिहून घ्या. एकदा वाचलं की कान तेच ऐकतो, ते विसरता येत नाही. हेलन फ्रेझर या ऑस्ट्रेलियन भाषातज्ज्ञ बाईंनी हे प्रयोगांनी दाखवून दिलंय. तिघांनी तीन वाक्यं लिहिली तर त्या जागी 'अस्पष्ट' हाच खरा मजकूर. आणि मागायचीच झाली तर मूळ फाइल मागा. फॉरवर्ड होताना आवाज दाबला जातो, आणि आधी कापली जातात ती तीच बारीक व्यंजनं.

केंट स्टेटच्या चार मुलांना कोणाच्या हुकमाने मारलं, हे टेप असूनही टेपवरून सिद्ध झालेलं नाही. पिवळ्या अक्षरांवरून कोणाचं नाव पोलीस ठाण्यात द्यायच्या आधी एवढं लक्षात ठेवू.