अरबांची ‘कुन्या’ आणि इंग्रजी भाषांतरकार

अरबांचा इतिहास इंग्रजींतून वाचणारास पहिल्या कांहीं पानांतच एक अडचण येते. एकच मनुष्य तीन-चार नांवांनीं वावरत असतो. याचें एक मोठें कारण ‘कुन्या’ होय. ‘अबू’ म्हणजे अमक्याचा बाप आणि ‘उम्म’ म्हणजे अमक्याची आई. या शब्दांपुढें बहुधा थोरल्या मुलाचें नांव जोडून हें संबोधन तयार होतें. नुसत्या नांवापेक्षां कुन्येनें हांक मारण्यांत अरब अधिक आदर मानीत.

पैगंबरांचे चुलतभाऊ अली यांचेंच उदाहरण घ्यावें. थोरला मुलगा हसन, म्हणून ते ‘अबुल हसन’. या नांवानें कोणी त्यांस हांक मारली, आणि भाषांतरकारानें तिचें ‘हे हसनच्या बापा’ अशा अर्थाचें इंग्रजी केलें, तर गोष्ट हसनची चालली आहे असें वाचकास वाटतें. शिवाय बोलणें उर्मट होतें तें निराळेंच. उलट सरळ ‘अली’ लिहिलें तर त्यांतला मान गेला. तेव्हां कुन्या तशीच ठेवून ती अलींची आहे, हें पहिल्या वेळीं सांगणें उत्तम.

मात्र हा उपाय सर्वत्र पुरत नाहीं. अली एकदां मशिदींत निजले असतां त्यांच्या अंगास माती लागली. ती झाडीत पैगंबरांनीं ‘ऊठ, अबू तुराब’ असें म्हटलें, अशी परंपरागत कथा आहे. तुराब म्हणजे माती. येथें बाप नाहीं कीं लेंक नाहीं. ‘अबू’चा अर्थ केवळ ‘मातीवाला’ एवढाच. अर्थ दिला नाहीं तर त्यांतली प्रेमळ थट्टा हरवते आणि शब्दशः दिला तर ती हास्यास्पद होते. मांजराच्या पिलावरून पडलेलें ‘अबू हुरैरा’ हें नांवही याच जातीचें.

‘उम्म’विषयीं तर अधिकच जपावें लागतें. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांना मूल नव्हतें. तरी बहीण अस्मा हिच्या मुलावरून त्या ‘उम्म अब्दुल्ला’ म्हणवीत. ‘अब्दुल्लाची आई’ एवढेंच लिहून थांबणारा भाषांतरकार इतिहासांत नसलेलें एक मूल जन्माला घालतो!

राहिली व्याकरणाची गोष्ट. अलींच्या वडिलांची कुन्या अबू तालिब. पण अलींचें नांव मात्र ‘अली इब्न अबी तालिब’. मराठींत ‘घोडा’ शब्दाचें ‘घोड्याचा’ होतांना रूप बदलतें, तसेंच अरबींत षष्ठीच्या अर्थीं ‘अबू’चें ‘अबी’ आणि कर्माच्या जागीं ‘अबा’ होतें. नवशिका येथें दोन माणसें कल्पितो. आणि ‘अबी’चा ‘माझा बाप’ असाही अर्थ असल्यामुळें तो कधीं भलतीकडेच जातो. इंग्रजींत ‘इब्न’नंतर ‘अबी’ ठेवण्याचा प्रघात आहे, तो पाळावा. परंतु मूळ अरबी वाक्यांत ‘अबा बक्र’ आलें म्हणून इंग्रजींतही ‘अबा’ लिहूं नये, तेथें ‘अबू बक्र’च हवें. आणि ग्रंथाच्या सूचींत हें नांव ‘बक्र’ खालीं शोधावयास लावूं नये. ‘अबू’ हा त्या नांवाचा तोडतां न येणारा भाग आहे.