वंशावळीचा पुरावा

आनुवंशिकीच्या पाठात एक छायाचित्र हमखास विद्यार्थ्यांपुढे येते. कोणा एका कुटुंबाची वंशावळ कागदावर आखलेली असते आणि तिचेच ते छायाचित्र असते. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे विवाह आणि तिच्यातून खाली उतरलेल्या रेघा म्हणजे संतती. ज्याच्या अंगी एखादा विकार किंवा विशेष दिसतो त्याची खूण काळी केलेली असते, इतरांची कोरी ठेवलेली असते. प्रश्न एकच विचारला जातो: हा विशेष प्रभावी की अप्रभावी? बहुतेक विद्यार्थी ताबडतोब काळ्या खुणा मोजावयास लागतात. पुष्कळ दिसल्या तर प्रभावी, थोड्या दिसल्या तर अप्रभावी, असे उत्तर तयार होते. ते कधी बरोबर येते, कधी चूक. पण बरोबर आले तरी ते अनुमान नव्हे. अशा चित्रातून अनुमान कसे काढावे हे विसाव्या शतकाच्या आरंभीच दोन कुटुंबांनी शिकविले. त्यांतील एक इंग्लंडमधले, दुसरे अमेरिकेतले.

इंग्लंडमधील कुटुंबाची हकीकत लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी नोंदविली. आल्कॅप्टोन्युरिया या विकारात लघवी काही वेळ तशीच राहिली की काळी पडते. बाळपणी लंगोटावरचे काळसर डाग एवढेच त्याचे लक्षण असते. सांध्यांची दुखणी पुढे उतारवयात मागे लागतात. हा विकार म्हणजे एखादा संसर्ग असावा, अशी त्या काळी समजूत होती. गॅरॉड यांच्या पाहण्यातील या कुटुंबात विकार असलेली मुले आधीच होती आणि आई पुन्हा गरोदर होती. मूल जन्मताच त्याचे लंगोट तपासण्याची व्यवस्था गॅरॉड यांनी आधीच करून ठेविली. १९०१ च्या मार्चमध्ये मूल जन्मले आणि तिसऱ्या दिवशी लंगोटावर डाग स्पष्ट दिसला. संसर्ग नव्हे, विकार जन्मासोबतच आला होता. या मुलाचे आईबाप दोघेही निरोगी होते. आणि ते एकमेकांची मावसभावंडे होती, त्यांच्या आया सख्ख्या बहिणी होत्या.

आता हे कुटुंब चित्रात मांडून पाहावे. वर दोन कोऱ्या खुणा, खाली काही काळ्या, काही कोऱ्या. हा विकार प्रभावी असता तर त्याचे एक जनुकही तो प्रकट करावयास पुरेसे झाले असते. मुलाला ते जनुक आईकडून किंवा बापाकडून आले असणार, म्हणजे दोघांपैकी एकाची खूण काळी असावयास हवी होती. ती तशी नाही. तेव्हा दोघांजवळही ते जनुक एकेकच होते आणि ते झाकलेले होते, असे मानल्याखेरीज गत्यंतर उरत नाही. ज्या मुलाला दोघांकडूनही ते मिळाले, त्याच्यात ते प्रकट झाले. एकच मूल बाधित असते तर जनुकात नव्यानेच बदल घडला, अशी शंका घेता आली असती. परंतु एकाच दांपत्याची एकाहून अधिक मुले बाधित असता ती शंका फारशी टिकत नाही. केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी गॅरॉड यांच्या माहितीचा हाच अर्थ लावला आणि १९०२ साली हा विकार मेंडेलच्या अर्थाने अप्रभावी ठरला. मेंडेल यांचे वाटाण्यावरील प्रयोग पुन्हा उजेडात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

आईबाप मावसभावंडे असणे हाही योगायोग नव्हता. दुर्मिळ जनुक असलेल्या माणसाची तसेच जनुक असलेल्या परक्याशी गाठ पडणे कठीण. पण दोघांचे आजीआजोबा एकच असतील तर एकच जनुक दोन वाटांनी उतरून पुन्हा एका घरात भेटू शकते. म्हणून वंशावळीत विवाहाची रेघ दुहेरी असेल, म्हणजे नात्यातला विवाह दाखविला असेल, तर परीक्षकाने तिकडे प्रथम पाहावे.

अमेरिकेतील कुटुंब पेनसिल्व्हेनियाचे. विल्यम फॅराबी या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने त्याची पाच पिढ्यांची माहिती गोळा केली. १९०३ साली तिच्यावर प्रबंध लिहिला आणि १९०५ साली ती प्रसिद्ध केली. या घराण्यातील कित्येकांची बोटे आखूड होती. मधले पेर इतके खुजे असे की बोटाला तीनऐवजी दोनच पेरी आहेत असे वाटावे. फॅराबी यांना आढळले ते असे: आखूड बोटांच्या प्रत्येक माणसाच्या आईबापांपैकी एकाची बोटे आखूड होतीच, आखूड बोटांच्या माणसांची जवळजवळ निम्मी मुले तशीच निघत, आणि घराण्यातील ज्यांची बोटे साधी होती त्यांच्या संततीत हा विशेष पुन्हा कधीच दिसला नाही. मानवी विशेष मेंडेलच्या अर्थाने प्रभावी असल्याचा हा पहिला पुरावा मानतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इंग्लंडच्या कुटुंबाने प्रभावी पर्याय जवळजवळ बाद केला होता. फॅराबी यांच्या चित्राने अप्रभावी पर्याय तसा बाद होत नाही. विशेष अप्रभावी मानला आणि बाधित माणसाचा जोडीदार त्याच जनुकाचा झाकलेला वाहक मानला, तरी निम्मी मुले बाधित निघतात. चित्र हुबेहूब तसेच दिसते. मग प्रभावी कशावरून म्हणावयाचे? गणितावरून. शंभरांत एक माणूस वाहक आहे असे धरू आणि चित्रात बाधित संतती झालेले पाच विवाह आहेत असे समजू. बाहेरून आलेले पाचही जोडीदार वाहक निघण्याचा संभव हजार कोटींत एक एवढा भरतो. एवढ्या योगायोगावर विश्वास ठेवण्यापेक्षा विशेष प्रभावी मानणे शहाणपणाचे. दोन्ही आईबापांच्या खुणा काळ्या आणि एक मूल कोरे असे कोठे दिसले असते, तर मात्र त्या एका मुलानेच निकाल दिला असता. कारण अप्रभावी विशेष असलेल्या आईबापांजवळ मुलाला देण्याजोगे निराळे जनुकच नसते. परंतु दुर्मिळ विशेषाच्या बाबतीत दोन बाधितांचा विवाह क्वचितच घडतो.

प्रभावी या शब्दाने मात्र मोठमोठ्यांना चकविले आहे. १९०८ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये आर. सी. पनेट यांनी मानवी आनुवंशिकतेवर व्याख्यान दिले, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांचा आक्षेप पुढे आला. आखूड बोटे जर प्रभावी, तर कालांतराने चारांपैकी तिघांची बोटे आखूड व्हावयास हवीत. तशी ती का होत नाहीत? पनेट यांनी हा प्रश्न गणिती जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेविला. दोघे केंब्रिजमध्ये क्रिकेटचे सोबती होते. पुढे ज्यांनी रामानुजन यांना इंग्लंडला बोलाविले तेच हे हार्डी. त्यांनी थोडक्या ओळींच्या पत्रात दाखविले की लोक खुणेकडे न पाहता विवाह करीत असतील आणि दुसरे काही कारण आड येत नसेल, तर जनुकाचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या आहे तेवढेच राहते. जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हे दाखविले होते. प्रभावी जनुक दुसऱ्या जनुकाला झाकते, समाजात पसरत सुटत नाही. काळ्या खुणा मोजणाऱ्या विद्यार्थ्याची चूक आणि यूल यांचा आक्षेप यांचे मूळ एकच.

उलट अप्रभावी विशेष अतिशय सामान्यही असू शकतो. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी आहे. तरी आपल्याकडे साधारण तिघांत एकाचा तो असतो. असा गट आजोबा, मुलगी, नातू या क्रमाने एकही पिढी न चुकवता उतरला तर त्यात नवल नाही, कारण बाहेरून आलेला जोडीदार वाहक असणे येथे नित्याचेच. हजार कोटींचे ते गणित येथे कोसळते. म्हणून चित्र वाचण्यापूर्वी विशेष दुर्मिळ की सामान्य, हे विचारणे भाग आहे. दुर्मिळ विकारही नात्यातील विवाहांमुळे असा भास निर्माण करतो. १९५८ साली खाचादुरियन आणि अबु फैसल यांनी आल्कॅप्टोन्युरियाचे सात रुग्ण एका कुटुंबाच्या सलग चार पिढ्यांत दाखविले; विकार तोच, गॅरॉड यांचा अप्रभावी.

या अनुमानावर काय अवलंबून असते, ते घरातील निरोगी बहिणीच्या दृष्टीने पाहावे. फॅराबी यांच्या कुटुंबात साध्या बोटांच्या बहिणीजवळ ते जनुक नाहीच. तिने कोणाशीही विवाह केला तरी मुलांना भय नाही. गॅरॉड यांच्या कुटुंबातील बहिणीचे तसे नाही. चार सारख्या शक्यतांपैकी बाधित होण्याची एक तिच्यापुरती गळाली. उरलेल्या तिनांपैकी दोहोंत ती वाहक ठरते. विकार अडीच लाखांत एकाला होतो असे धरले, तर परका माणूस वाहक असण्याचा संभव अडीचशेंत एक. अशाशी तिचा विवाह झाल्यास प्रत्येक मूल बाधित निघण्याचा संभव सुमारे दीड हजारांत एक. परंतु तिने सख्ख्या मामाच्या मुलाशी विवाह केला तर? दोघी बहिणींच्या संततीतून जनुक उतरले, त्या अर्थी तिची आजी वाहक होती. म्हणून मामा वाहक असण्याचा संभव निम्मा आणि त्याच्या मुलाचा चौथा हिस्सा. हिशेब चोविसांत एक येतो. मामाकडील सोयरीक महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कित्येक समाजांत मान्य आहे, तेथे ही दोन उत्तरे केवळ परीक्षेची राहत नाहीत.

छायाचित्रावरून काम करताना आणखी सावध असावे लागते. प्रत काळपट निघाली की वाहकाची अर्धी रंगविलेली खूण पूर्ण काळी भासते. कडा कापली गेली की जोडीदारच नाहीसा होतो. शिवाय मूळ चित्र आखणाऱ्याला जे ठाऊक नव्हते ते छायाचित्रात कोठून येणार? सहाव्या बोटाचा विशेष पुष्कळदा प्रभावी असतो, पण काहींच्या अंगी जनुक असूनही बोट उगवत नाही. काहींचे ते बाळपणीच दोरा बांधून गाळून टाकलेले असते आणि मोठेपणी त्यांची खूण कोरी राहते. अशा घरात दोन कोऱ्या खुणांखाली काळी दिसली तरी अप्रभावी म्हणण्याची घाई करू नये. आजीला विचारावे, बापाच्या करंगळीच्या कडेला बारीक वण आहे का पाहावे. आणि नात्यातील विवाहाच्या त्या दोन समांतर रेघा तर इतक्या जवळ आखतात की अस्पष्ट छायाचित्रात त्या एकच दिसतात.